ग्रुपवरचे मेसेज आणि अपघाताची नोंद

कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये कुणाला लागलं, की त्याची पहिली नोंद आजकाल रजिस्टरमध्ये होत नाही, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर होते. घाईत टाइप केलेल्या चार ओळी, एखादा फोटो, एखादा टोमणा, कुणाचा तरी अंदाज. दोन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुपरवायझर किंवा ऑफिसमधलं कुणीतरी त्यातूनच ‘अपघाताची नोंद’ तयार करतं. बहुतेक वेळा ती एका वाक्यात आटोपते: ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे पाय घसरून किरकोळ दुखापत झाली.’ या वाक्यात माहिती जवळजवळ नाहीच, दोन निकाल मात्र आहेत. ‘निष्काळजीपणा’ हा एक आणि ‘किरकोळ’ हा दुसरा. नोंद लिहिणाऱ्याला हे दोन्ही निकाल देण्याचा अधिकार नसतो.

ग्रुपवरच्या गडबडीतून तटस्थ, वस्तुस्थितीला धरून असलेली नोंद कशी उभी करायची, हे एक नमुना घेऊन पाहू. पुढचा प्रसंग समजावण्यासाठी रचलेला आहे, पण एमआयडीसीतल्या कुठल्याही लहान यंत्रशाळेत तो घडू शकतो.

आठ मेसेज

मंगळवार, १० जून २०२५. दुपारी तीनची बी शिफ्ट सुरू होऊन पावणेदोन तास झालेत. ग्रुपवर हे मेसेज येतात:

४:५२, सुपरवायझर: ‘सीएनसी ३ कडे या कोणीतरी लवकर, फर्स्ट एड बॉक्स घेऊन. पोरगा पडला, हात कापून घेतलाय’

४:५४, सीएनसी ३ चा ऑपरेटर: ‘किती वेळा सांगितलं तिथे तेल गळतंय. ऐकतंय कोण’

४:५५, पॅकिंगमधला एक जण: ‘मोबाइल बघत चालत असणार. नेहमीचंच आहे त्याचं’

४:५८, ऑपरेटर: ओल्या फरशीचा आणि ट्रॉलीचा एक फोटो

५:०६, सुपरवायझर: ‘दवाखान्यात पाठवलंय. किरकोळ आहे. फरशी पुसून घ्या, काम सुरू करा’

५:२०, तपासणी विभागातला एक जण: ‘भरपूर लागलंय म्हणे, ५-६ टाके’

५:४१, आणखी एक जण: ‘ट्रॉली मधेच उभी करायची सवय स्टोअरवाल्यांची. एक दिवस असं होणारच होतं’

७:१५, जखमी हेल्पर: ‘ठीक आहे मी. ३ टाके पडले. डॉक्टर २ दिवस आराम म्हणाले’

हे मेसेज म्हणजे नोंदीचा कच्चा माल, आणि तो तसाच्या तसा जपणं हे पहिलं काम. ग्रुपवरचा मेसेज नंतर ‘सर्वांसाठी डिलीट’ करता येतो आणि काही ग्रुपमध्ये तो ठरावीक दिवसांनी आपोआप नाहीसा होतो. म्हणून त्याच दिवशी चॅट एक्सपोर्ट करून ठेवायचं. शुद्धलेखन सुधारायचं नाही, टोमणे गाळायचे नाहीत. फोटोची मूळ प्रत ज्याने काढला त्याच्या फोनमधून वेगळी मागून घ्यायची. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचं आकारमान कमी होतं आणि तो कधी काढला ही त्यात दडलेली माहितीही पुसली जाते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती टिकते.

पाहिलं, ऐकलं, ताडलं, वाटलं

आता एकेक वाक्य हातात घ्यायचं आणि सांगणाऱ्याला हे कसं कळलं ते विचारायचं. उत्तर चारांपैकी एक निघतं: त्याने स्वतः पाहिलं, कुणाकडून ऐकलं, खुणांवरून ताडलं, किंवा त्याला तसं वाटलं. ही विभागणी कागदावर चार रकाने आखून करावी. मनातल्या मनात केली, तर जे वाक्य ठसक्यात सांगितलेलं असतं ते हळूच ‘पाहिलं’च्या रकान्यात जाऊन बसतं.

मोबाइलचा मेसेज घ्या. पॅकिंगमधल्या माणसाला विचारलं, ‘तुम्ही त्या वेळी कुठे होता?’ तो म्हणाला, पॅकिंगच्या टेबलापाशी. तिथून सीएनसी ३ दिसत नाही, मध्ये रॅक आहे. म्हणजे हे वाक्य चौथ्या रकान्यातलं. मूळ चॅटमध्ये ते राहील, नोंदीत येणार नाही. मात्र मुद्दा इथे सोडून द्यायचा नाही, तो हेल्परला आणि ऑपरेटरला सरळ विचारायचा. हेल्पर म्हणाला, दोन्ही हातांत क्रेट होता, फोन खिशात होता. ऑपरेटरने सांगितलं, क्रेट दोन्ही हातांनी उचलून तो निघाला एवढं मी पाहिलं, पडताना पाहिलं नाही. ही दोन विधानं नोंदीत जातील, ज्याच्या त्याच्या हवाल्याने. ऑपरेटरने हातात फोन पाहिला असता, तर तेही तितक्याच सरळपणे लिहावं लागलं असतं.

टाक्यांचं तसंच. ‘५-६’ हे ऐकीव, ‘३’ हे जखमीचं स्वतःचं सांगणं, आणि दवाखान्याच्या कागदावरही ३. जिथे कागद आहे तिथे कागदाचा आधार द्यायचा.

‘तेल’ या शब्दापाशीही थांबायला हवं. सीएनसी मशीनभोवती जे सांडतं ते वंगणाचं तेल असू शकतं, हायड्रॉलिक तेल असू शकतं, किंवा कूलंट असू शकतं. कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेलं, दुधासारखं पांढरट दिसणारं द्रव. बोलताना तिन्हींना तेलच म्हणतात, पण गळतीची जागा प्रत्येकाची वेगळी आणि दुरुस्तीही वेगळी. फोटोत पांढरट ओल दिसते. ऑपरेटर म्हणतो, दाराच्या सीलमधून कूलंट येत होतं. ए शिफ्टच्या लॉगबुकात दुपारी २:१० ला कुणीतरी लिहून ठेवलंय: ‘सीएनसी ३, दाराजवळ कूलंट गळती.’ तीन स्वतंत्र आधार एकाच दिशेने बोट दाखवतात. तरीही नोंदीत ‘कूलंटमुळे घसरला’ असं लिहायचं नाही. ओल होती, तो पडला, आणि पाय ओल्या जागी सरकला असं तो सांगतो, इथवरच आपल्याला माहीत आहे. कारण ठरवणं हा चौकशीचा भाग, आणि चौकशी या नोंदीवर उभी राहते. नोंदीतच कारण लिहून टाकलं तर चौकशीला शोधायला काही उरत नाही.

मेसेजची वेळ म्हणजे अपघाताची वेळ नाही

पहिला मेसेज ४:५२ चा आहे म्हणून अपघात ४:५२ ला झाला, असं बहुतेक नोंदींत उतरतं. पण सुपरवायझर आधी धावत गेला असणार, मुलाला बसवलं असणार, मग फोन काढला असणार. नेमकी वेळ कुणीच घड्याळात पाहिलेली नसते, म्हणून दोन टोकं शोधायची. ऑपरेटरने उत्पादनाच्या तक्त्यात ४:४५ ला भरलेला क्रेट दिल्याची नोंद केली आहे. हे अलीकडचं टोक. सुपरवायझरच्या फोनमध्ये गाडीसाठी गेटवर केलेला कॉल ४:५० चा आहे. हे पलीकडचं टोक. म्हणजे अपघात या पाच मिनिटांत झाला. ‘४:४५ ते ४:५० दरम्यान’ हे ‘४:५२’ पेक्षा कमी नेमकं दिसतं, पण ते खरं आहे आणि त्याला आधार आहे.

एक गोष्ट मात्र हातची गेली. ५:०६ च्या मेसेजनंतर फरशी पुसली गेली. पुन्हा कुणी घसरू नये म्हणून ते योग्यच होतं, पण त्याआधी मोजमाप झालं नाही. ओल किती होती हे आता फोटोवरूनच सांगावं लागेल. फोटोत ओला पट्टा ट्रॉलीच्या लांबीएवढा दिसतो, ट्रॉली मोजली तर ९० सेंटिमीटर भरते. म्हणून लिहायचं: ‘फोटोवरून अंदाजे ९० सेंटिमीटर लांब.’ जखमीला हलवल्यावर आणि पुसण्यापूर्वी दोन फोटो, एक लांबून आणि एक जवळून शेजारी मोजपट्टी ठेवून, एवढं काढायला मिनिटभर पुरतं.

प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर ठरतं

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या धडकेच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि विचारलं, गाड्यांचा वेग किती होता? प्रश्नातलं क्रियापद फक्त बदललं. गाड्यांचा ‘चुराडा होईल अशा आदळल्या’ या अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा वेगाचा सरासरी अंदाज ताशी सुमारे ६५ किलोमीटर आला. नुसत्या ‘एकमेकींना टेकल्या’ या अर्थाच्या शब्दाला तो सुमारे ५१ आला. दुसऱ्या फेरीत एक धडक दाखवून आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी ‘हो’ म्हटलं, साध्या ‘धडकल्या’ या शब्दाच्या गटात ७ जणांनी.

वर्कशॉपमध्ये हाच धोका रोज असतो. ‘तेलावरून घसरलास ना?’ असं विचारलं की तेल त्याच्या आठवणीत शिरतं. ‘घाईत होतास का?’ विचारलं की घाई शिरते. त्याऐवजी, ‘क्रेट उचलल्यापासून काय झालं ते सांग,’ एवढं म्हणून गप्प बसावं. तो सांगेल ते मध्ये न तोडता ऐकावं. मग सुटलेल्या जागा भराव्यात: पायाखाली काय होतं? हात कशाला लागला? प्रत्येकाशी वेगळं बोलावं, कारण चहाच्या टेबलावर सगळे एकत्र बसले की सगळ्यांची मिळून एकच गोष्ट तयार होते.

लिहितानाही क्रियापदाला जपावं लागतं. ‘हात कापून घेतला’ म्हटलं की दोष हेल्परचा. ‘ट्रॉलीने हात कापला’ म्हटलं की ट्रॉलीचा. ‘डाव्या तळव्याला ट्रॉलीच्या पत्र्याची कड लागून जखम झाली’ यात काय कशाला लागलं एवढंच आहे. पण तटस्थ लिहायचं म्हणून माणसंच गायब करायची नाहीत. ‘फरशी पुसण्यात आली’ असं लिहिलं, तर कुणी सांगितली आणि कुणी पुसली हे कळत नाही. जिथे कर्ता माहीत आहे तिथे तो लिहायचा, दोष देणारं विशेषण मात्र लावायचं नाही.

खरं वाक्यही एकटं उभं केलं की झुकतं

हेल्परच्या डाव्या हातात हातमोजा नव्हता. हे खरं आहे आणि ते लिहायलाच हवं. पण एवढंच लिहिलं, तर वाचणारा लगेच निष्कर्षावर पोचतो. म्हणून लागूनच दुसरा प्रश्न विचारावा: त्याला हातमोजे दिले होते का? स्टोअरच्या वाटप वहीत पाहिलं, तर त्याच्या नावापुढे हातमोजे दिल्याची नोंद नाही. आता दोन वाक्यं शेजारी बसतात आणि दोन्ही खरी आहेत. एखाद्या पक्षाकडे बोट दाखवणारी बाब लिहिली, की तिच्या भोवतीची परिस्थितीही तपासून लिहायची, हा नियम कुठल्याही नोंदीला लागू होतो. ट्रॉलीबाबतही तेच. ‘स्टोअरवाल्यांची सवय’ हे मत. अपघाताच्या वेळी ट्रॉली रस्त्यात होती, हे फोटोत दिसतं. ती तिथे कुणी ठेवली, हे विचारूनही कळलं नाही. मग तसंच लिहायचं.

याच कारणाने नोंद शक्यतो सुपरवायझरने एकट्याने लिहू नये. गळतीची तक्रार त्याच्याकडे गेली होती का, हाच प्रश्न पुढे येऊ शकतो. ज्याच्या कामाकडे चौकशी वळू शकते, त्याचं म्हणणं नोंदीत असावं, लेखणी दुसऱ्याच्या हातात असावी.

‘किरकोळ’ कोण ठरवणार?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ८८ आणि त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, दोन्हींत एक रेषा आहे. दुखापतीमुळे कामगार अपघातानंतर ४८ तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही, तर अपघाताची सूचना सरकारी यंत्रणेला द्यावी लागते. आपल्या हेल्परला डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितला. बुधवार आणि गुरुवार घरी राहून तो शुक्रवारी दुपारी शिफ्टला आला, तर ४८ तास गुरुवारी संध्याकाळीच उलटलेले असतील. ५:०६ ला ग्रुपवर ‘किरकोळ’ ठरलेला अपघात असा सूचना देण्याजोगा होतो. म्हणून नोंदीत ‘किरकोळ’ किंवा ‘गंभीर’ लिहू नये. काम केव्हा थांबवलं, डॉक्टरांनी काय लिहून दिलं आणि माणूस कामावर केव्हा परतला, या तीन गोष्टी तारीखवेळेसह लिहाव्यात. रेषा ओलांडली की नाही हे त्यातून आपोआप दिसतं.

ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात अपघात पुस्तक ठेवावं लागतं, आणि जखमी कामगार तोंडी सांगूनही दुखापतीची खबर देऊ शकतो. कामावर झालेल्या दुखापतीने अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम करता आलं नाही, तर त्याला सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. आज दोनच दिवसांचा आराम आहे. उद्या जखम चिघळली आणि रजा आठ दिवसांवर गेली, तर दुखापत कामावर आणि काम करतानाच झाली, हे पहिल्या दिवशीच्या नोंदीवरून पाहिलं जाईल. तिथे तो काय करत होता हे एक वाक्य असेल तर त्याचा हक्क शाबूत राहतो. ‘मोबाइल बघत चालत असणार’ एवढंच असेल, तर ज्याने काही पाहिलंच नाही अशा माणसाचा शेरा त्याच्या वाटेत उभा राहतो.

तयार नोंद

आठ मेसेज, चार जणांशी बोलणं आणि पाच कागद यांतून ही नोंद उभी राहिली. मूळ प्रतीत पदांऐवजी नावं असतील. ग्रुपवर किंवा फलकावर जाणाऱ्या प्रतीत नावं आणि उपचारांचा तपशील नको.

दिनांक, वेळ: मंगळवार, १० जून २०२५, दुपारी ४:४५ ते ४:५० दरम्यान. आधार: उत्पादन तक्ता आणि सुपरवायझरचा गेटला केलेला कॉल.

ठिकाण: सीएनसी ३ आणि डीबरिंग टेबल यांच्यामधला रस्ता.

काय घडलं: हेल्पर भरलेला क्रेट दोन्ही हातांनी उचलून डीबरिंग टेबलाकडे नेत होता. सीएनसी ३ च्या दारासमोर फरशी ओली होती, तिथे उजवा पाय सरकला, असं तो सांगतो. तो डाव्या बाजूला पडला. डाव्या तळव्याला ट्रॉलीच्या पत्र्याची कड लागून जखम झाली, असं तो सांगतो. पडताना पाहिलेला साक्षीदार नाही. ऑपरेटरने आवाज ऐकून वळून पाहिलं, तेव्हा हेल्पर जमिनीवर होता.

जागेची स्थिती: ४:५८ च्या फोटोत पांढरट ओल दिसते, फोटोवरून अंदाजे ९० सेंटिमीटर लांब. रस्त्यात एक ट्रॉली उभी दिसते. ए शिफ्टच्या लॉगबुकात २:१० ला सीएनसी ३ च्या दाराजवळ कूलंट गळतीची नोंद आहे. सुपरवायझरच्या सांगण्यावरून सफाई कामगाराने ५:१० च्या सुमारास फरशी पुसली. त्याआधी मोजमाप झालं नाही.

संरक्षक साधनं: डाव्या हातात हातमोजा नव्हता. वाटप वहीत हेल्परला हातमोजे दिल्याची नोंद नाही.

उपचार: जागेवर प्रथमोपचार. गाडी ५:०२ ला गेटबाहेर, आधार गेट रजिस्टर. दवाखान्याच्या कागदानुसार डाव्या तळव्याला ३ टाके, २ दिवस आराम.

कामावर परत: (परतल्यावर तारीख आणि वेळ भरावी.)

न कळलेलं: ट्रॉली तिथे कुणी आणि केव्हा उभी केली. २:१० च्या नोंदीनंतर गळतीबाबत कुणी काही केलं का.

सोबत: चॅटची मूळ प्रत, मूळ फोटो, लॉगबुकच्या पानाची प्रत, दवाखान्याचा कागद.

ही नोंद हेल्परला वाचून दाखवायची. तो मराठी नीट वाचत नसेल तर त्याला समजेल त्या भाषेत सांगायची, आणि मगच सही घ्यायची. त्याला एखादं वाक्य पटलं नाही तर ते खोडायचं नाही. खाली तारीख घालून त्याचं म्हणणं लिहायचं. पुढे नवी माहिती मिळाली तरी हीच रीत: जुनी ओळ तशीच, नवी ओळ खाली, लिहिणाऱ्याच्या सहीसह. व्हाइटनर लावलेल्या नोंदीवर पुढे कुणीच विश्वास ठेवत नाही, मालकही नाही आणि कामगारही नाही.

ऑफिसात ‘न कळलेलं’ हा रकाना बहुतेकांना नकोसा वाटतो, कारण नोंद अर्धवट दिसते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मेंटेनन्सच्या माणसाला काम तिथूनच मिळतं. २:१० ते ४:४५ या अडीच तासांत गळतीची खबर कुणापर्यंत पोचली आणि कुठे अडली, हे त्याला शोधायचं आहे. ‘निष्काळजीपणामुळे पाय घसरला’ एवढंच लिहिलं असतं, तर हेल्परला समज देऊन फाइल बंद झाली असती, आणि दाराचं सील गळत राहिलं असतं.